सगळी अप्रूव्हल्स आहेत म्हणजे कितव्या मजल्यापर्यंत आहेत?

नवीन प्रोजेक्टमध्ये फ्लॅट बघायला गेलं की सेल्स ऑफिसमधला माणूस एक वाक्य हमखास म्हणतो, "सगळी अप्रूव्हल्स आहेत सर, रेरा नंबर आहे, बँकांचं पण अप्रूव्हल आहे." आणि आपण मान डोलावून सँपल फ्लॅटच्या किचनकडे वळतो. माझं म्हणणं असं आहे की या वाक्यातलं एकही अक्षर खोटं नसताना सुद्धा आपण जो फ्लॅट घेतोय तो कागदावर अस्तित्वातच नसेल असं होऊ शकतं, आणि हे होऊ देणारी व्यवस्था सरकारने इतकी वर्षं आहे तशी चालू ठेवलीय, वर पुन्हा ग्राहकाला सांगायचं की तुम्ही जागरूक राहा.

कसं होतं ते सांगतो. माझा मावसभाऊ रावेतकडे फ्लॅट घेत होता. बावीस मजली टॉवर, एकोणिसाव्या मजल्यावर टू बीएचके, किंमत साधारण 80 लाख. त्याने मला कागद पाठवले आणि म्हणाला बघ जरा, सगळं क्लिअर आहे म्हणतायत. सीसी होती, म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट, आपल्याकडे महापालिकेच्या कागदावर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र वगैरे लिहिलेलं असतं ते. खरी होती, मुदतीत होती, सर्व्हे नंबर बरोबर होता. फक्त त्यात त्या बिल्डिंगसमोर लिहिलं होतं पार्किंग अधिक 14 मजले. एकोणिसावा मजला त्या कागदात नव्हताच. सेल्सवाल्याला विचारलं तर तो अगदी शांतपणे म्हणाला, "वरच्या मजल्यांचं प्रपोज्ड आहे सर, रिव्हाइज्ड प्लॅन टाकलाय, येईल दोनतीन महिन्यात."

आता इथे लगेच बिल्डरला चोर म्हणायची घाई करू नये. असं टप्प्याटप्प्याने करणं बेकायदेशीर नाही. प्लॉटवर मुळात जेवढा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या आकाराच्या प्रमाणात बांधकामाची परवानगी, मिळतो तेवढ्यात बावीस मजले बसत नाहीत, वरचा एफएसआय प्रीमियम भरून घ्यावा लागतो किंवा बाजारातून टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकला जाणारा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन प्लॉटवर चढवावा लागतो, आणि हे पैसे एवढे असतात की कुठलाच बिल्डर ते पहिल्या दिवशी भरत नाही. आधी चौदा मजल्यांचा प्लॅन सँक्शन करून घ्यायचा, काम सुरू करायचं, बुकिंगचे पैसे यायला लागले की त्यातून पुढचा टीडीआर घ्यायचा आणि सुधारित प्लॅन मंजूर करून घ्यायचा. पुण्याकडे आणि बाकी महाराष्ट्रात प्लॅनची मंजुरी आणि सीसी साधारण एकत्रच मिळते, त्यामुळे जेवढे मजले मंजूर तेवढेच सीसीत दिसतात. मुंबईत वेगळं, तिथे आधी आयओडी, म्हणजे अटींसकट प्लॅनची मंजुरी, मिळतं, हल्ली त्याला आयओए म्हणतात, आणि मग सीसी तुकड्यातुकड्याने वाढत जाते. पहिली सीसी फक्त प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, मग अमुक मजल्याच्या वरच्या स्लॅबपर्यंत, मग फुल सीसी. ही वाढ बऱ्याचदा त्याच सर्टिफिकेटच्या पुढच्या पानावर किंवा मागे शेरा मारून लिहिलेली असते, त्यामुळे पहिलं पान बघून सीसी आहे म्हणणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळलेली असते.

अडचण टप्प्यांची नाही, अडचण ही की ज्या मजल्याला अजून परवानगी नाही त्याचे पैसे आजच घेतले जातात. महाराष्ट्राच्या रेरा नियमांमध्ये जो मॉडेल करारनामा दिलाय त्यात पैसे किती टक्के कधी घ्यायचे याची कमाल मर्यादा आहे. करार झाल्यावर एकूण 30 टक्क्यांपर्यंत, प्लिंथ पूर्ण झाला की 45 टक्क्यांपर्यंत, स्लॅब पूर्ण झाले की 70 टक्क्यांपर्यंत, असं करत करत शेवटचे 5 टक्के ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आल्यावर ताबा देताना. हा तक्ता वाईट नाही, रेराच्या आधी जे चालायचं त्यापेक्षा खूपच बरा. पण हा तक्ता फक्त जमिनीवर काम किती झालं ते बघतो, माझ्या मजल्याची परवानगी आली का ते बघत नाही. मावसभावाच्या केसमध्ये हिशोब केला तर प्लिंथ झाला की त्याने 80 पैकी 36 लाख दिलेले असणार, आणि त्या दिवशी एकोणिसाव्या मजल्याची सुधारित मंजुरी आलेली असेलच असं काही नाही. म्हणजे वरच्या आठ मजल्यांचा टीडीआर घ्यायला बिल्डरला लागणारा पैसा वरच्या मजल्याचे गिऱ्हाईकच देतायत, आणि मंजुरी अडकली तर जोखीम पण त्यांचीच.

ही माहिती लपवलेली असते असंही नाही, उलट महारेराच्या साइटवर प्रोजेक्टच्या पानावर मंजूर बिल्टअप एरिया आणि प्रस्तावित पण मंजूर नसलेला बिल्टअप एरिया असे दोन वेगळे आकडे दिलेले असतात. बिल्डिंगच्या तपशिलात मंजूर मजले किती तेही असतं. प्रस्तावित पण मंजूर नसलेला, हे शब्द वाचून कुणाच्याही पोटात गोळा यायला पाहिजे, पण ते अशा जागी असतात की तिथपर्यंत फारसं कुणी पोचतच नाही. रेरा नंबर आहे ना, बास. लोकांना वाटतं रेरा नंबर म्हणजे सरकारने तपासून दिलेला शिक्का. तो शिक्का नाही, ती नोंदणी आहे, आणि नोंदणी बिल्डरने अपलोड केलेल्या कागदांवर होते.

त्याचं काय होऊ शकतं ते कल्याण-डोंबिवलीने दाखवलं. तिथे 65 इमारतींच्या बाबतीत महापालिकेच्या खोट्या बांधकाम परवानग्या तयार करून त्यावर महारेराचे नंबर मिळवले गेले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने त्या पाडायचे आदेश दिले. तिथल्या लोकांकडे रेरा नंबर होता, रजिस्टर्ड अॅग्रीमेंट होतं, अनेकांनी बँकेचं कर्ज काढलेलं होतं. सेल्स ऑफिसमधलं ते वाक्य आठवा, त्यातला रेरा नंबर आणि बँक दोन्ही त्यांच्या बाबतीत खरं होतं. फक्त ज्या महापालिकेच्या नावाने तो कागद होता तिने तो दिलेलाच नव्हता. म्हणून सीसीची झेरॉक्स बिल्डरकडून घेऊन समाधान मानू नका, त्या कागदावरचा नंबर आणि तारीख घेऊन महापालिकेच्या साइटवर किंवा बांधकाम परवानगी विभागात ती खरंच निघालीय का ते बघा, नाहीतर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. आणि शोधताना प्रोजेक्टचं नाव विसरा. ब्रोशरवर जे इंग्रजी-इटालियन नाव असतं ते पालिकेच्या रेकॉर्डमध्ये असेलच असं नाही, तिथे सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर किंवा सिटीएस नंबर चालतो. तुम्हाला विकताना ज्याला टॉवर बी म्हणतात ती प्लॅनवर बिल्डिंग नंबर 3 असू शकते, तेव्हा लेआउटच्या नकाशावर तुमची बिल्डिंग कुठली ते बोट ठेवून दाखवायला सांगा. मंजूर नकाशे बघायला मिळणं हा रेरानुसार तुमचा हक्क आहे, बिल्डरने ते साइटवर लावायचे असतात, ती मेहेरबानी नाही.

सुधारित प्लॅनबद्दल अजून एक गोष्ट. रेराच्या कलम 14 प्रमाणे मंजूर प्लॅनमध्ये, लेआउटमध्ये किंवा कॉमन एरियात बदल करायचा तर दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची आधी लेखी संमती लागते. हे झालं कायद्यात. करारनाम्यात मात्र बारीक अक्षरात एक कलम असतं की प्रमोटरला भविष्यात प्लॅनमध्ये हवे ते बदल करायला मी आत्ताच संमती देतो. अशी सरसकट, डोळे झाकून दिलेली संमती चालत नाही, बदल काय होणार हे समोर ठेवून घेतलेलीच संमती धरायची, हे हायकोर्टाने मोफाच्या, म्हणजे रेराच्या आधीपासूनच्या फ्लॅट मालकी कायद्याच्या, काळापासून सांगितलंय. तरी ते कलम छापलं जातंच, कारण सही केलेला माणूस भांडायला जाताना दहा वेळा विचार करतो हे सगळ्यांना माहीत आहे. ते कलम खोडायला सांगा, नाही खोडलं तर निदान जो बदल होणार आहे तो, म्हणजे किती मजले वाढणार, बाग कुठे जाणार, पार्किंगचं काय होणार, हे त्याच कलमात लिहून घ्या.

आता दुसऱ्या टोकाकडे येऊ, ओसी. भोगवटा प्रमाणपत्र. बिल्डिंग मंजूर प्लॅनप्रमाणे बांधलीय आणि राहायला योग्य आहे असं पालिका म्हणते तो हा कागद. प्रक्रिया अशी की काम झालं की आर्किटेक्ट पालिकेला कळवतो की काम पूर्ण झालं, त्यासोबत फायरची अंतिम एनओसी, लिफ्टचा परवाना, ड्रेनेज, पाणी अशा एकेका खात्याचे कागद जोडले जातात, मग पालिकेचा इंजिनिअर येऊन बघतो आणि ओसी मिळते. इथे एक चलाखी नेहमी होते. आर्किटेक्टचं जे पत्र असतं ना काम पूर्ण झाल्याचं, तेच ग्राहकाला कंप्लीशन म्हणून दाखवतात. लेटरहेड आर्किटेक्टचं असेल तर ती ओसी नाही, कितीही शिक्के असू देत. तसंच फायरची प्रोव्हिजनल एनओसी ही प्लॅन मंजुरीच्या वेळची असते, बिल्डिंग झाल्यावरची फायनल वेगळी. फाइलमध्ये प्रोव्हिजनल बघून फायर क्लिअर आहे असं समजणारे मी खूप बघितलेत.

आणि ओसी आली म्हटलं तरी परत तोच प्रश्न, कितव्या मजल्यापर्यंत? पार्ट ओसी नावाचा प्रकार कायदेशीर आहे आणि मोठ्या प्रोजेक्टमध्ये त्याची गरजही असते, एक विंग झाली तर लोकांनी दुसरीसाठी का थांबायचं. पण पार्ट ओसी ज्या मजल्यांची त्या मजल्यांचीच. ताडदेवच्या विलिंग्डन व्ह्यू या 34 मजली टॉवरचं प्रकरण 2025 मध्ये गाजलं ते याच कारणाने, खालच्या 16 मजल्यांना ओसी होती आणि 17 ते 34 या मजल्यांवर लोक ओसीशिवाय राहत होते, फायरची एनओसी पण नव्हती. हायकोर्टाने वरचे मजले रिकामे करायला सांगितलं आणि सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. ही काही झोपडपट्टी किंवा चाळ नव्हे, दक्षिण मुंबईतल्या पैसेवाल्या लोकांची बिल्डिंग आहे, त्यांच्याकडे वकील नव्हते असं कोण म्हणेल. एकाच लिफ्टने वर जाणाऱ्या लोकांमध्ये सोळाव्यावरचा राहिला आणि सतराव्यावरचा बाहेर.

मग लोक ओसीशिवाय राहायला जातातच का? इथे मला सगळ्यात जास्त राग ज्या गोष्टीचा येतो ती म्हणजे फिटआउट पझेशन. ओसी अजून नाही, पण चावी देतो, तुम्ही फर्निचरचं काम करून घ्या, तोपर्यंत ओसी येईलच. चावी देताना एक पत्र सही करून घेतात की मी फक्त आतल्या कामासाठी ताबा घेतोय, आणि त्यातच कुठेतरी असतं की फ्लॅटबद्दल माझी तक्रार नाही, उशिराबद्दल माझा दावा नाही, राहिलेली रक्कम मी देतोय, मेंटेनन्स अमुक तारखेपासून सुरू. मग फर्निचर होतं, मुलांच्या शाळेची ॲडमिशन जवळ येते, भाड्याच्या घराचा करार संपतो आणि माणूस राहायलाच जातो. पाणी टँकरचं, लाइट बिल्डरच्या टेंपररी कनेक्शनवर.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं आणि ते अगदीच पोकळ नाही, की बाबा रे हप्ता पण चालू आणि भाडं पण चालू, महापालिका फाइल सहासहा महिने अडवून ठेवते, त्यात आमचा काय दोष, चावी मिळतेय तर घेऊ नये का? 45 हजारांचा हप्ता आणि 20 हजारांचं भाडं भरणाऱ्या माणसाला कायद्याचं पुस्तक दाखवणं सोपं असतं, मान्य. पण दोन गोष्टी बघा. 1963 च्या मोफा कायद्यात पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत बिल्डरने ताबा देऊ नये असं तर आहेच, पण कुणीही ताबा घेऊ नये असंही आहे, म्हणजे उद्या काही झालं तर तुम्ही नुसते फसवले गेलेले राहत नाही, नियम मोडणाऱ्यांत तुमचंही नाव येतं. आणि दुसरं, रेराच्या कलम 18 खाली उशिराचं व्याज मागायचा जो तुमचा हक्क आहे त्याची धार चावी हातात घेतल्यावर बोथट होते, कारण बिल्डर म्हणणार ताबा तर केव्हाच दिला. ताबा घ्यायची तुमची जबाबदारी कायद्यानुसार ओसी आल्यानंतरच सुरू होते, तिथून दोन महिने. त्याआधी चावी घ्या नाहीतर मेंटेनन्स लागू, असं जे मेल येतं त्याला उत्तर म्हणून एवढंच लिहा की ओसीची प्रत पाठवा.

पैशाचं पण तसंच. शेवटचे 5 टक्के म्हणजे 80 लाखांच्या फ्लॅटवर 4 लाख, हे ओसीशी बांधलेले आहेत आणि ग्राहकाच्या हातात उरलेलं एकमेव हत्यार तेच आहे. फिटआउटच्या पत्रावर सही करताना लोक पहिल्यांदा हेच 4 लाख देऊन टाकतात. पाचशे फ्लॅटच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यांनी दिले तर 20 कोटी झाले, मग ओसीसाठी फायरचं राहिलेलं काम किंवा सांडपाण्याचा एसटीपी प्लांट पूर्ण करायची बिल्डरला घाई कशाला असेल. अनेक ठिकाणी ओसी पालिकेमुळे नाही, तर प्लॅनमध्ये नसलेलं काहीतरी बांधल्यामुळे अडकलेली असते. रिफ्यूज एरिया म्हणून, म्हणजे आग लागली तर लोकांनी थांबायची म्हणून, दाखवलेली जागा फ्लॅटला जोडून विकलेली, पार्किंगमध्ये दुकान काढलेलं, प्लॅनमधला जिना गाळलेला. असं असेल तर फाइल पुढे जाणारच नाही, पालिकेतला माणूस देवमाणूस असला तरी. तुमच्या हातात मंजूर नकाशाची प्रत असेल तर हे तुम्हाला स्वतःला, टेप घेऊन, फ्लॅट दाखवायला आलेल्या दिवशी कळू शकतं. लिफ्टच्या बाहेरची लॉबी, जिन्यांची संख्या, तुमच्या बाल्कनीची रुंदी आणि रिफ्यूज फ्लोअर, एवढ्या चार जागा नकाशाशी जुळवल्या तरी बरंच काही बाहेर येतं.

ओसी आली नाही तर पुढे काय होतं त्याचं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलंय. समृद्धी को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी, लोकांना ताबा 1997 मध्ये मिळालेला, ओसी मात्र नाही, त्यामुळे सोसायटीला प्रॉपर्टी टॅक्स 25 टक्के आणि पाण्याचे पैसे 50 टक्के जास्त भरावे लागत होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुदत संपली म्हणून तक्रार फेटाळली होती. जानेवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ओसी मिळवून न देणं हा रोज चालू असलेला दोष आहे आणि सोसायटी भरपाई मागू शकते. निकाल उत्तमच आहे, जुन्या सोसायट्यांनी तो जरूर वापरावा, पण ताब्यापासून हे नुसतं ठरायलाच पंचवीस वर्षं गेली.

आता मूळ मुद्दा. हे सगळं ग्राहकाने तपासायचं ही अपेक्षाच मला पटत नाही. सेकंडहँड गाडी घेताना आपण इंजिन नंबर आरसीशी जुळवतो, पण ती आरसी आरटीओनेच दिलीय की नाही हे शोधायला आरटीओत माहिती अधिकाराचा अर्ज टाकत नाही. फ्लॅटच्या बाबतीत मात्र जनतेने हेच करावं असं म्हणणं आहे. जिथे प्रत्येक करार जातोच अशी एक जागा आहे, दुय्यम निबंधकाचं ऑफिस. तिथे आज स्टॅम्प ड्युटी बरोबर भरली का ते काटेकोर बघतात कारण ते सरकारचे पैसे आहेत. त्याच दस्तात एक रकाना असू द्या, या फ्लॅटचा मजला सीसीत आहे का, सीसीचा नंबर काय, आणि तो नंबर पालिकेच्या सिस्टीममधून थेट जुळला तरच दस्त पुढे. प्लॅन हल्ली ऑनलाइनच मंजूर होतात, ही माहिती कॉम्प्युटरमध्ये आहेच, नुसती एका खात्याची दुसऱ्या खात्याशी ओळख नाही. डोंबिवलीनंतर महारेरा आणि पालिकांच्या साइट जोडायचं काम सुरू झालं ते चांगलंच आहे, पण ते प्रोजेक्टपुरतं राहिलं तर उपयोग अर्धाच, जुळणी मजल्यापर्यंत गेली पाहिजे. आणि पैशाच्या तक्त्यात एक वाक्य वाढवा, ज्या मजल्याला सीसी नाही त्याच्या गिऱ्हाइकाकडून 10 टक्क्यांच्या वर घेता येणार नाही.

बिल्डर म्हणतील याने वरच्या मजल्यांचं बुकिंग थांबेल, टीडीआरला पैसा कुठून आणायचा, किमती वाढतील. वाढतील थोड्या, शक्य आहे. पण तो पैसा व्याजाने बँकेकडून घ्या ना, बँक निदान धोका बघून व्याज लावते. आत्ता तोच पैसा मावसभावासारख्या लोकांकडून बिनव्याजी जातो, वर त्यांना बँकेचं व्याज भरावं लागतं, आणि वर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 80 लाखांवर अजून 4 लाख, जो ओसी आल्यावर घेतलेल्या फ्लॅटला लागतच नाही.

मावसभावाने शेवटी सेल्सवाल्याला दोनच गोष्टी लिहून मागितल्या, एकोणिसाव्या मजल्याची सुधारित मंजुरी येईपर्यंत 10 टक्क्यांच्या वर मागणी करणार नाही आणि अमुक तारखेपर्यंत नाही आली तर पूर्ण पैसे व्याजासकट परत. वरच्या साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. साहेबांचं उत्तर आलं की कंपनीचा ड्राफ्ट बदलता येत नाही, हवं तर अकराव्या मजल्यावर एक युनिट आहे, व्ह्यू थोडा कमी आहे. अकरावा सीसीत होता. त्याने तो घेतला.